सोमवारचं काम आपोआप व्हायचं तर

बऱ्याच छोट्या सामाजिक संस्थांमध्ये आठवड्यातून एकदा एक ठरलेलं काम चालतं. समन्वयक ताई लॅपटॉप उघडतात, शेजारी मोबाइल ठेवतात आणि आठवडाभर व्हॉट्सॲपवर आलेले आकडे एकेक करून एक्सेलमध्ये भरतात. मग आलेख नीट करायचे, स्क्रीनशॉट काढायचा आणि विश्वस्तांच्या ग्रुपवर टाकायचा. याला म्हणतात ‘डॅशबोर्ड अपडेट करणं’. त्यात तीन-चार तास जातात. मग कधीतरी बैठकीत एखादे विश्वस्त विचारतात, “हे सगळं आपोआप नाही का होणार?”

होतं. पैसेही फारसे लागत नाहीत. पण आकडे भरता भरता ताई ते तपासतही असतात, आणि त्या काय तपासतात हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते लिहून न काढता फक्त भरण्याचं काम यंत्राकडे दिलं, तर डॅशबोर्ड रोज ताजा दिसतो आणि रोज थोडा थोडा खोटं बोलतो. माणूस आजारी पडला की डॅशबोर्ड येत नाही, ते सगळ्यांना कळतं. यंत्राचं काही बिघडलं तर आलेख तसाच झळकत राहतो आणि महिनाभर कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून योजना आखायची ती मुख्यतः या दुसऱ्या धोक्यासाठी.

उदाहरणासाठी एक संस्था कल्पू. सातारा जिल्ह्यातल्या कऱ्हाड आणि पाटण तालुक्यांत ती १८ गावांत संध्याकाळच्या अभ्यासिका चालवते. प्रत्येक अभ्यासिकेत वीस ते तीस मुलं, आणि गावातलीच एक ताई किंवा दादा मानधनावर शिकवायला. सोमवार ते शनिवार वर्ग भरतो, आणि पुढच्या सोमवारी सकाळी समन्वयक ताई मागच्या आठवड्याचा डॅशबोर्ड तयार करतात. त्यावर सरासरी हजेरी, किती दिवस वर्ग भरला, हजेरी कुठे घसरतेय अशा गोष्टी असतात. संस्थेत संगणक शिकलेला माणूस नाही. एका विश्वस्तांचा पुतण्या पुण्यात आयटीत आहे, तो रविवारी दोन तास देऊ शकतो. अशा संस्थेला झेपेल अशीच ही योजना आहे.

पहिले दोन सोमवार संगणकाला हात लावायचा नाही. कुणीतरी वही घेऊन ताईंच्या शेजारी बसायचं आणि त्या काय काय करतात ते लिहून घ्यायचं. “काही नाही हो, नुसतं भरते,” असं त्या म्हणतील. पण वहीत वेगळंच उतरेल. एका दादांचा निरोप नुसता ‘आज २१’ असा आहे, गावाचं नाव नाही. ताईंना नंबर पाठ आहे म्हणून तो आकडा बरोबर रकान्यात जातो. एका गावातून ५२ आला आहे. तिथे पटावर २८ मुलं आहेत, म्हणजे घाईत २५ चे ५२ झाले. ताई मनाशी हसतात, २५ लिहितात आणि पुढे जातात. दोन गावांतून काहीच आलेलं नाही. फोन केल्यावर एकीकडे रिचार्ज संपलेला निघतो, दुसरीकडे वर्गच भरलेला नसतो. “ताई, गावची यात्रा होती ना दोन दिवस, कोण येणार अभ्यासिकेला?”

या यात्रेकडे जरा नीट पाहू, कारण अशा डॅशबोर्डमधली सगळ्यात नेहमीची चूक इथेच होते. त्या गावात पटावर २५ मुलं आहेत. सहा दिवसांपैकी दोन दिवस वर्ग बंद होता, आणि उरलेल्या चार दिवसांत २०, २२, २१ आणि १९ मुलं आली. एकूण ८२. ताई ही बेरीज चाराने भागतात. सरासरी साडेवीस, म्हणजे ८२ टक्के हजेरी. ‘आठवड्याचे दिवस सहा’ एवढंच शिकवलेलं यंत्र सहाने भागतं, आणि हजेरी ५५ टक्क्यांच्या आसपास येते. मुलं तीच आणि वर्गही तोच, पण एका आकड्यावर विश्वस्त खूश होतात आणि दुसऱ्यावर त्या दादांना बोलावून घेतात. चैत्र-वैशाखात तर एकामागून एक गावांच्या यात्रा येतात. तेव्हा अख्ख्या तालुक्याची हजेरी कोसळल्यासारखी दिसेल.

बरोबर कोणता? माझ्या मते दोन्ही आकडे लागतात, पण वेगवेगळे. वर्ग भरला त्या दिवसांची सरासरी हजेरी मुलांबद्दल सांगते, आणि सहापैकी किती दिवस वर्ग भरला हे अभ्यासिकेबद्दल सांगतं. दोन्ही एका टक्केवारीत कोंबले की दोन्ही हरवतात. हा निर्णय संगणकाचा नाही, संस्थेचा आहे. म्हणून बैठकीत प्रत्येक आकड्याची व्याख्या एका वाक्यात लिहायची आणि त्याखाली तारीख टाकायची. त्याच बैठकीत जुन्या डॅशबोर्डवरच्या प्रत्येक आलेखाला एक प्रश्न विचारावा: हा पाहून गेल्या वर्षभरात आपण काय वेगळं केलं? उत्तर नसेल तर तो आलेख गाळावा. अकरा आलेखांचे चार उरले तर पुढचं कामही तेवढंच हलकं होतं.

यानंतर नोंद कशी घ्यायची ते ठरवू. व्हॉट्सॲपच्या निरोपातून आकडे उचलायला यंत्र लावण्याच्या फंदात पडू नये. त्याऐवजी गुगल फॉर्म करावा. त्यात चारच प्रश्न: अभ्यासिका कोणती, तारीख कोणती, वर्ग सुरू होता की बंद, आणि मुलं किती आली. बंद असेल तर कारणासाठी पाचवी, ऐच्छिक ओळ. फॉर्म भरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागला तर महिनाभरात दादा-ताई कंटाळतील. त्यांच्या मानधनात हे काम धरलेलं नाही, हे विसरू नये.

तारखेचा प्रश्न वेगळा विचारायचा तो एका कारणासाठी. फॉर्म पाठवल्याची वेळ गुगल आपोआप `Timestamp` या रकान्यात टाकतं, त्यामुळे तारीख पुन्हा कशाला, असं वाटतं. पण पाटणच्या डोंगरातल्या वाडीवर रेंज नसते. तिथले दादा रविवारी बाजाराला खाली उतरल्यावर तीन दिवसांच्या नोंदी एकदम पाठवतात. पाठवल्याची वेळ हीच तारीख धरली, तर बुधवारची, गुरुवारची आणि शुक्रवारची मुलं सगळी रविवारी वर्गात बसलेली दिसतील. गुगल फॉर्म पाठवायला त्या क्षणी इंटरनेट लागतं. बहुतेक गावं रेंजबाहेरची असतील तर कोबोटूलबॉक्सचं कोबोकलेक्ट हे ॲप बरं, कारण ते नोंद फोनमध्ये साठवतं आणि रेंज आली की पाठवतं. पण दोन-तीन गावांसाठी दुसरं ॲप आणून गोंधळ वाढवू नये. तारीख विचारली की भागतं.

अभ्यासिकेचं नाव मात्र कुणालाही टाइप करू द्यायचं नाही. यादीतून निवडायला लावायचं, आणि प्रत्येक नावाआधी `K07` असा सांकेतिक क्रमांक द्यायचा. कारण मराठीत एकच नाव किती तऱ्हांनी लिहिलं जातं हे आपल्याला ठाऊक आहे. ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, शेवटी चुकून एक मोकळी जागा राहते. संगणकाला ती दोन गावं वाटतात आणि आलेखात दोन खांब उभे राहतात. कऱ्हाडचं तर आणखी गमतीचं आहे. त्यातला ‘ऱ्ह’ युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सहसा सारखेच दिसतात. तुम्ही भिंग लावून पाहिलंत तरी फरक सापडणार नाही, आणि संगणक मात्र ठामपणे सांगेल की ही दोन वेगळी नावं आहेत. `K07` हा क्रमांक या सगळ्याच्या पलीकडे असतो.

आलेल्या नोंदी गुगल शीटमध्ये जमा होतात. त्या फाइलीत तीन पानं ठेवावीत. पहिलं पान कच्च्या नोंदींचं, त्याला कुणीही हात लावायचा नाही. त्याच्या शेजारच्या मोकळ्या रकान्यांत सूत्रं लिहायचा मोह होतो, पण फॉर्मची प्रत्येक नवी नोंद नवी ओळ घालून येते, आणि सूत्र त्या ओळीत आपोआप उतरत नाही. आठवड्यानं पाहावं तर निम्म्या ओळी सूत्राविना. दुसरं पान शुद्ध नोंदींचं: एका अभ्यासिकेची एका तारखेची एकच नोंद, आणि दोनदा आली असेल तर शेवटची खरी. हा नियम फार उपयोगी पडतो. दादांनी २५ ऐवजी ५२ भरलं तर त्यांनी पुन्हा फॉर्म भरायचा, झालं. कुणी कच्च्या पानावर खाडाखोड करत नाही, आणि चूक काय होती हेही मागे उरतं. तिसरं पान हिशेबाचं. त्यात प्रत्येक अभ्यासिकेसमोर असं सूत्र येईल:

```
=AVERAGEIFS(shuddha!E:E, shuddha!B:B, A2, shuddha!D:D, "सुरू",
 shuddha!C:C, ">="&$H$1, shuddha!C:C, "<="&$H$2)
```

`shuddha` हे दुसऱ्या पानाचं नाव. सूत्राचा अर्थ असा: A2 मध्ये ज्या अभ्यासिकेचा क्रमांक आहे तिच्या नोंदी घे, त्यातले वर्ग ‘सुरू’ असलेले दिवस घे, H1 ते H2 या तारखांमधले घे आणि आलेल्या मुलांची सरासरी काढ. यात्रेचे दोन दिवस आता आपोआप बाजूला पडतात. H1 आणि H2 मध्ये नेहमी पूर्ण झालेल्या आठवड्याचा सोमवार आणि शनिवार असावा. चालू आठवडा धरला तर मंगळवारी आलेखाचा शेवटचा खांब दर वेळी बुटका दिसतो आणि कुणीतरी विश्वस्त घाबरून फोन करतात. सोमवारचा वाचायला, हा H1 चा मजकूर:

```
=TODAY()-WEEKDAY(TODAY(),2)-6
```

H2 मध्ये हेच, फक्त शेवटी ६ च्या जागी १.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यावर सगळी योजना तरते किंवा बुडते. एखाद्या गावाने आठवडाभर काहीच भरलं नाही तर वरच्या सूत्राचं उत्तर `#DIV/0!` असं येतं, कारण भागायला काही नाही. ते दिसायला वाईट दिसतं, म्हणून पुतण्या सहजपणे त्याभोवती `IFERROR(…, 0)` गुंडाळतो. पान स्वच्छ होतं, आणि त्याच क्षणी ‘माहिती आली नाही’ याचं रूपांतर ‘एकही मूल आलं नाही’ असं होतं. दादांचा फोन बिघडला तर गावातली हजेरी शून्य! उलट बाजूनेही तेच. एकूण सरासरी काढताना न आलेली गावं गुपचूप वगळली गेली, तर फक्त नीट चालणाऱ्या गावांची सरासरी उरते आणि आकडा उगाच सुधारतो. यावर उपाय म्हणजे न आलेली माहिती न आलेली म्हणूनच दिसू द्यावी. त्या जागी शून्य लिहू नये, ‘नोंद नाही’ असं लिहावं. आणि डॅशबोर्डच्या माथ्यावर, सगळ्या आलेखांच्या वर, दोन ओळी ठळक असाव्यात: ‘शेवटची नोंद कधी आली’ आणि ‘१८ पैकी किती अभ्यासिकांच्या नोंदी आल्या’. विश्वस्तांनी आधी या ओळी वाचायच्या, मग आलेख. त्यात १८ पैकी ११ लिहिलेलं असेल तर खालच्या आलेखांवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

आलेख दाखवायला गुगलचंच लुकर स्टुडिओ पुरतं. पूर्वी त्याला डेटा स्टुडिओ म्हणत. ते शीटला जोडलं की दर १५ मिनिटांनी नवी माहिती घेतं, म्हणजे ‘आपोआप’ हा भाग इथे संपला. खरं सांगायचं तर अभ्यासिकेच्या हजेरीला १५ मिनिटांची घाई कसलीच नाही. आठवड्याला निर्णय होणार असेल तर रोज रात्री एकदा पुरे.

ताई डोक्यात करत असलेली तपासणी आता सूत्रांकडे द्यायची. हजर मुलं पटापेक्षा जास्त असतील तर ओळ लाल. तारीख उद्याची असेल तर लाल. वर्ग बंद असूनही मुलांचा आकडा भरला असेल तर लाल. आणि रोज सकाळी ताईंना एक ईमेल: या गावांतून दोन दिवसांत नोंद नाही, या ओळी लाल आहेत. तो मजकूर जुळवून पाठवायला गुगलच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये वीसेक ओळी पुरतात आणि रोज ठरावीक तासात चालणारा ट्रिगर लावता येतो. सगळं ठीक असेल त्या दिवशीही ईमेल यायलाच हवा, ‘सगळ्या नोंदी आल्या’ एवढाच. नाहीतर ईमेल आला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे की स्क्रिप्टच बंद पडली, हे कळायला मार्ग उरत नाही.

हा ट्रिगर कुणाच्या खात्यावर आहे ते मात्र नीट पाहावं. तो लावणाऱ्याच्या नावावर चालतो आणि बिघडला तर तक्रारीचा ईमेलही त्यालाच जातो. पुतण्याने रविवारी स्वतःच्या जीमेलवरून लावला आणि वर्षभराने ते खातं बंद केलं की ताईंचा ईमेल थांबला. फॉर्म, शीट, स्क्रिप्ट, डॅशबोर्ड हे सगळं संस्थेच्या एका खात्यावर तयार करावं आणि त्याचा पासवर्ड दोन विश्वस्तांकडे असावा.

जुन्या एक्सेलमधली दोन वर्षांची माहितीही नव्या शीटमध्ये आणायची असते. इथे तारखा घात करतात. शीटच्या सेटिंगमध्ये देश ‘United States’ राहिला असेल तर 05/03/2024 ही आपली ५ मार्च तिथे ३ मे होते. 13/03/2024 ही तारीख तर तिला समजतच नाही, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून ती साधा मजकूर म्हणून पडून राहते आणि हिशेबात येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. रकान्यात काही तारखा उजवीकडे सरकलेल्या दिसतात आणि काही डावीकडे. उजवीकडच्या संगणकाला तारखा म्हणून कळल्या, त्यातल्या जवळपास सगळ्या चुकीच्या. डावीकडच्या कळल्याच नाहीत. माहिती चिकटवण्याआधी सेटिंगमध्ये देश ‘India’ करून घेतला की हा प्रश्न येत नाही. चिकटवून झाल्यावर लक्षात आलं तर मागून दुरुस्त करण्यापेक्षा पुसून पुन्हा चिकटवावं.

आता चार सोमवार दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवायच्या. ताई नेहमीसारखा हाताने डॅशबोर्ड करतात, नवा आपोआप होतो, आणि दोन्हींतले १८ आकडे समोरासमोर ठेवायचे. जिथे फरक असेल तिथे ‘जवळपास आहे’ म्हणून सोडायचं नाही, कारण शोधायचं. पहिल्या सोमवारी पाच गावांत फरक आला असं समजू. दोन ठिकाणी दादांनी फॉर्मही भरला नाही आणि ताईंना फोनवर आकडा सांगितला. तो सवयीचा प्रश्न, त्यांच्याशी बोलून सुटेल. एका ठिकाणी ‘बंद’च्या दिवशी ‘सुरू’ आणि शून्य मुलं भरली गेली. ती फॉर्ममधली उणीव, तपासणीच्या सूत्रात भर घालायची. एका गावात पट २२ वरून २६ झाला होता आणि पटाच्या यादीत २२ च राहिला होता. आणि पाचव्या गावात यंत्र बरोबर निघालं, ताईंच्या एक्सेलमधलंच सूत्र गेले काही महिने एक ओळ सोडून बेरीज करत होतं. असा एखादा शोध लागतोच, आणि तो लागला की ताईंना अवघडल्यासारखं होतं. त्यांच्याच कष्टावर दोन वर्षं डॅशबोर्ड चालला, हे बैठकीत कुणीतरी मोठ्याने म्हणावं.

हाताची पद्धत केव्हा बंद करायची याचा निकष आधीच लिहून ठेवावा: सलग दोन सोमवार सगळे फरक समजले आणि नवा कोणताही अनाकलनीय फरक आला नाही तर. चौथ्या सोमवारी निकष पुरा झाला नसेल तर पाचवा घ्यावा. देणगीदारांना अहवाल द्यायची तारीख जवळ आली म्हणून घाईने पलटी मारू नये. मार्चअखेर हा बदल करूच नये.

मुलांची नावं या डॅशबोर्डच्या वाटेवर कुठेच येऊ देऊ नयेत. ‘लिंक असलेल्या कुणालाही दिसेल’ अशी सोय ठेवली की ती लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्यावर जायला वेळ लागत नाही. फॉर्ममध्ये नुसती संख्या घेतली तर लपवायला काही उरतच नाही. कोणतं मूल तीन दिवस आलं नाही हे दादांच्या हजेरीवहीत असतं आणि तिथेच राहू द्यावं, कारण त्या घरी जायचं आहे ते दादांना, विश्वस्तांना नव्हे.

वाचन चाचणीचे निकालही मी या यंत्रणेत घेणार नाही. ती चाचणी वर्षातून तीनदा होते, ताई त्या एका दुपारी बसून भरतात, आणि भरताना कोणत्या गावात कोणती मुलं अडकली आहेत हे त्यांच्या लक्षात येतं. वर्षातून तीन दुपारींसाठी फॉर्म, सूत्रं आणि देखभाल उभी करणं म्हणजे नसतं काम मागे लावून घेणं.

सोमवारची सकाळ यानंतरही पूर्ण मोकळी होत नाही, फक्त तीन-चार तासांचा एखादा तास होतो. त्या तासात लाल ओळींसाठी फोन करायचे, आणि डॅशबोर्डखाली ताईंच्या हातची तीन-चार वाक्यं लिहायची: कुठे यात्रा होती, कुठे ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांबरोबर सहा मुलं गेली, कुठे नव्या दादांना शिकवायला अजून जड जातंय. ही ओळ भरली नसेल तर त्या आठवड्याचा डॅशबोर्ड देणगीदारांकडे पाठवायचा नाही, असा नियम करून ठेवावा. आणि ताई रजेवर असतील त्या आठवड्यात ते फोन कोण करणार, त्याचं नाव आत्ताच ठरवून योजनेच्या कागदावर लिहावं.